३१ मेच्या आधी लिहायचं पान

एप्रिल संपत आला की महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये निरोप समारंभांची घाई उडते. त्याचं कारण शाळेच्याच जुन्या रजिस्टरात आहे. साठ-सत्तरच्या दशकात खेड्यातले आईवडील पोराला शाळेत घालायला आणायचे, तेव्हा त्याची जन्मतारीख अनेकांना सांगता यायची नाही. पोर महापुराच्या साली झालं की दुष्काळाच्या, एवढंच आठवायचं. मग गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज बांधायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून जनरल रजिस्टरात १ जून अशी तारीख टाकायचे. अशा १ जूनवाल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण पुढे स्वतः शिक्षक झाले. शिक्षकाला वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्ती असते, ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि जन्म पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मे.

आता ३१ मेला शाळेला सुट्टी असते. मुलं मामाच्या गावी, शिक्षक आपापल्या गावी. त्यामुळे समारंभ निकालाच्या आगेमागे उरकावा लागतो. पेपर तपासणी, निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं या धबडग्यात कुणीतरी कुणालातरी म्हणतं, “तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा काहीतरी बाईंबद्दल.” ज्याच्यावर हे काम येतं त्याच्या हातात दोन रात्री असतात. मग मागच्या वर्षीच्या सरांचं मानपत्र काढलं जातं, नाव बदललं जातं, आणि भर सभेत वाचताना एखाद्या वाक्यात “सरांनी” तसंच राहून गेल्याचं वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

नाव चुकलं नाही तरी खरी चूक तशीच राहते. नाव बदलून जो मजकूर दुसऱ्याला चालतो, तो पहिल्याबद्दलही काही सांगत नव्हता.

याची मुळं मानपत्राच्या परंपरेत आहेत. मानपत्र हा प्रकार मुळात जाहीर सभेचा. लोकमान्य टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा जुलै १९१६ मध्ये पुण्यात त्यांना मानपत्र आणि एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली होती. अशा प्रसंगी बोलणारा हजारोंच्या वतीने बोलतो आणि ज्याचा सत्कार आहे त्याचं काम सगळ्यांना आधीच माहीत असतं. तिथे भरदार, संस्कृतप्रचुर, वरच्या पट्टीतली भाषा शोभते. तीच भाषा आपण सहा शिक्षकांच्या शाळेत आणली. शाळेतल्या समारंभात चौकटीतलं छापील मानपत्र जरूर द्यावं. ते घरच्या भिंतीवर लागतं, पाहुणे वाचतात. पण सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांसमोर वाचायचा निरोप ही वेगळी गोष्ट आहे. तो ऐकणारे लोक रोज एका टेबलावर डबा खाणारे असतात. “ज्ञानदानाच्या पवित्र यज्ञात आपण स्वतःला मेणबत्तीसारखे जाळून घेतले” हे वाक्य त्यांच्यासमोर वाचलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. बाईंच्याही नाही.

हे काम नीट कसं होतं ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातल्या नोंदी बीडसारख्या जिल्ह्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत सापडतील अशाच आहेत. शाळा पाचवीपर्यंतची, शिक्षक सहा. निवृत्त होणाऱ्या बाई १९९० साली नोकरीला लागल्या, वेगवेगळ्या शाळा करत २०१८च्या बदल्यांमध्ये इथे आल्या आणि आता ३१ मे २०२५ला सेवानिवृत्त होत आहेत. निरोप लिहिण्याचं काम चौथीच्या वर्गशिक्षकांकडे आलं आहे.

त्यांनी पहिल्या रात्री लिहिलेला मजकूर असा होता: “आदरणीय बाईंनी आपल्या ३५ वर्षांच्या प्रदीर्घ सेवेत असंख्य विद्यार्थ्यांचे जीवन घडवले. त्या कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय व विद्यार्थिप्रिय होत्या. त्यांच्या जाण्याने शाळेत कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होणार आहे.” तीन वाक्यं, चार विशेषणं. “होत्या” हा शब्द आणि “भरून न निघणारी पोकळी” एकत्र आले की कानाला ते श्रद्धांजलीसारखं लागतं, आणि बाई तर समोर खुर्चीवर बसलेल्या असणार. निवृत्तीच्या निरोपात ही गफलत सर्रास होते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे क्रियापदं. माणसाच्या स्वभावाबद्दल भूतकाळ आला की थांबावं. भूतकाळ त्याच्या कामाला लावावा. माणसाला वर्तमानकाळच लावावा.

विशेषणांचं काय करायचं? ती खोडून टाकायची असं नाही. प्रत्येक विशेषणापुढे “कशावरून?” असं लिहायचं आणि उत्तर शोधायला निघायचं. उत्तर न सापडलेलं विशेषण आपोआप गळून पडतं.

उत्तरं कुठे सापडतात? शाळेच्या कपाटात आणि शाळेतल्या माणसांत. शाळा ही कागद जपणारी जागा आहे, पण निरोप लिहिणारे त्या कपाटाकडे फारसे वळत नाहीत. वर्गाच्या हजेऱ्या असतात, मुख्याध्यापकांचं लॉगबुक असतं, अधिकाऱ्यांनी भेटीत लिहिलेलं शेरेबुक असतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं इतिवृत्त असतं. चौथीच्या सरांनी बाईंच्या सहा-सात वर्षांच्या पहिलीच्या हजेऱ्या काढल्या. कारण साधं होतं: बाई दरवर्षी पहिलीच मागून घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वर्गात नेमकं काय घडत होतं ते कुणी पाहिलं नव्हतं.

२०१८च्या हजेरीत पट २२ होता. ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सगळे हजर. दिवाळीनंतर नऊ नावांपुढे सलग गैरहजेरी, थेट मार्चच्या शेवटापर्यंत. या भागात राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतात, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतात आणि कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतं. लहान पोरं बरोबर जातात. हंगाम संपवून परत येईपर्यंत वर्ष सरलेलं असतं. पहिलीत जेमतेम अक्षरं ओळखू लागलेलं पोर पुन्हा कोरं होऊन येतं.

२०२४च्या हजेरीत पट १९. दिवाळीनंतर सलग गैरहजर नावं दोन.

इथे लिहिणाऱ्याच्या हाताला मोह होतो. “बाईंनी स्थलांतर थांबवले” असं एक दणदणीत वाक्य तयार असतं. पण चौथीच्या सरांनी मुख्याध्यापकांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की मधल्या काळात गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. आईबाप कारखान्याला गेले तरी मूल गावात आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. काही घरांनी कोयता सोडून दुसरी कामं धरली होती. म्हणजे नवाचे दोन होण्यामागे पुष्कळ गोष्टी होत्या. सभेत बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत असतं. तिथे सगळं श्रेय एकट्या बाईंच्या पदरात टाकलं, तर इतरांना खटकेल आणि बाई स्वतःही अवघडून जातील. आपण न केलेल्या कामाची स्तुती ऐकणं हे प्रामाणिक माणसाला जड जातं. मग लिहायचं काय? बाईंनी काय केलं ते लिहायचं, आणि हजेरी काय सांगते ते शेजारी ठेवायचं. दोन्हींमध्ये “त्यामुळे” घालायचं नाही.

बाईंनी काय केलं हे कागदावर नव्हतं. ते पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी सांगितलं. निरोप लिहिणाऱ्याने शाळेतल्या ज्या माणसाशी आवर्जून बोलावं असं हे माणूस, कारण ताई गावातल्याच असतात आणि शाळा सुटल्यावर काय होतं ते त्यांना दिसतं. त्यांनी सांगितलं की दसऱ्यानंतर बाई शाळा सुटली की तांड्यावर जायच्या. आईबापांना “जाऊ नका” असं कधी म्हणायच्या नाहीत, कारण उचल घेतलेली असायची आणि ती फेडायलाच लागते. त्या आजीशी बोलायच्या. पोराला तुमच्यापाशी ठेवा, सकाळी शाळेत पाठवा, दुपारचं जेवण शाळेत आहे, रात्रीचं वसतिगृहात. आजारी पडलं तर मला फोन करा. एक आजी म्हणाली होती की मला फोन लावता येत नाही. तेव्हा बाईंनी तिच्या शेजारणीचा नंबर लिहून घेतला आणि स्वतःच आठवड्यातून एकदा फोन करत राहिल्या.

हा मजकूर “विद्यार्थिप्रिय” या शब्दाच्या जागी आला. त्यात गरीब घरांची दया नाही, उपदेश नाही. बाईंनी आईबापांना दोष दिला नाही हेही त्यात आपोआप येतं, आणि या भागात शिक्षक म्हणून टिकायचं तर ती समज किती मोलाची असते हे शेजारी बसलेल्या प्रत्येकाला कळतं.

दुसरा धागा सर्वांत तरुण शिक्षिकेकडून आला. ऑनलाइन माहिती भरण्याचं काम वाढलं तेव्हा बाई पन्नाशीच्या पुढे होत्या. त्या या मुलीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “मला शिकव, पण हळू शिकव, मी लिहून घेते.” एका दोनशे पानी वहीत त्यांनी प्रत्येक पायरी लिहिली: आधी काय उघडायचं, कुठे दाबायचं, लाल रंगात काही आलं तर काय चुकलेलं असतं. गंमत अशी की पुढे बदलून आलेल्या दोन शिक्षकांनी तीच वही बघून काम शिकून घेतलं. वही अजून स्टाफरूमच्या खणात आहे. ३५ वर्षं शिकवणाऱ्या बाई आपल्या मुलीच्या वयाच्या सहकारिणीकडून शिकल्या, यातून त्यांच्याबद्दल जे कळतं ते “मनमिळाऊ” या शब्दातून कधीच कळलं नसतं.

तिसऱ्या धाग्यासाठी सरांकडे बरंच काही होतं: १९९३च्या भूकंपानंतरची बाईंची कामं, जनगणनेत वस्त्या पालथ्या घातल्याच्या गोष्टी, कोरोनात देवळाच्या ओसरीवर अंतर ठेवून घेतलेले वर्ग. सगळंच खरं, सगळंच सांगण्यासारखं. त्यांनी ते सोडून दिलं, आणि तो निर्णय योग्य होता. अडीचशे शब्दांचं एक पान शांतपणे वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. निरोपाला चार मिनिटं पुरतात, कारण त्याच्या आधी प्रास्ताविक, सत्कार आणि पाहुण्यांची भाषणं झालेली असतात आणि नंतर बाईंचं स्वतःचं मनोगत असतं. चार मिनिटांत दोन गोष्टी नीट सांगता येतात. सात सांगायला गेलं तर सेवापुस्तिकेतल्या नोंदी वाचल्यासारखं होतं. शिवाय सेवेचा पूर्ण आढावा मुख्याध्यापक प्रास्ताविकात घेतातच: नेमणुकीची तारीख, शाळांची नावं, मिळालेले पुरस्कार. निरोप लिहिणाऱ्याने त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं, म्हणजे तेच तेच दोनदा येत नाही.

काय वगळायचं यावर आणखी थोडं बोलायला हवं, कारण बिघाड बहुधा तिथे होतो. बाईंचं आजारपण, घरातलं दुःख, बदलीच्या वेळी झालेला अन्याय, एखाद्या अधिकाऱ्याशी उडालेला खटका. या गोष्टी स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतात म्हणून सभेत वाचाव्यात असं नाही. सभेत बाईंचे यजमान आणि मुलं बसलेली असतात, शाळा व्यवस्थापन समितीची माणसं असतात. त्या सांगायच्या की नाही हे बाईंनी स्वतःच्या मनोगतात ठरवावं. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच. “ज्याला साधा क सुद्धा येत नव्हता तो अमुकचा मुलगा” अशी गोष्ट नाव घेऊन सांगितली, तर संध्याकाळपर्यंत ती गावभर होते. आणि छडीच्या आठवणी. जुन्या शिक्षकांच्या निरोपात या अजूनही हशा पिकवायला येतात: सरांचा हात कसा बसायचा, वर्ग कसा थरथर कापायचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यावर बंदी आणली आहे. पण कायद्याची बाब बाजूला ठेवली, तरी एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाची ओळख त्याच्या मारावरून करून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिस्तीबद्दल सांगायचंच असेल, तर सकाळी शाळेचं कुलूप कोण उघडायचं ते सांगावं.

आता कानाचा भाग. हा मजकूर डोळ्यांनी वाचला जाणार नाही, ऐकला जाणार आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये भरलेलं सगळं ऐकणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं. “दुर्गम भागातील, ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील, शिक्षणापासून वंचित राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपस्थितीसाठी सातत्याने प्रयत्नशील असणाऱ्या बाईंनी…” इथपर्यंत येता येता मागच्या रांगेतले लोक पंख्याकडे बघू लागतात. तेच दोन-तीन छोट्या वाक्यांत सांगितलं की प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतं. दुसरी गोष्ट संबोधनाची. “बाई” किंवा “मॅडम”, रोज जे म्हणतात तेच म्हणावं, आणि “तुम्ही” वापरावं. छापील मानपत्रात “आपण” शोभतं, पण माईकवरून “आपण ही वही तयार केली” असं आलं की ती बाईंनी केली की सगळ्यांनी मिळून, असा क्षणभर घोळ होतो.

आकडे अंकांत न लिहिता बोलतो तसे लिहावेत, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. अक्षर नेहमीपेक्षा मोठं असावं, एका ओळीत एका श्वासात वाचता येईल एवढंच असावं, आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहावं. घरी मोठ्याने वाचून बघितलं की कळतं, आवाज कुठे भरून येतो ते. तिथलं वाक्य आणखी छोटं करावं. तरीही गळा दाटलाच तर थांबायला हरकत नाही. पण दुसरी प्रत शेजारच्या सहकाऱ्याकडे असू द्यावी, म्हणजे वाचन अर्ध्यावर सुटत नाही.

चौथीच्या सरांनी दुसऱ्या रात्री जे लिहिलं ते असं:

“बाई, मुख्याध्यापक सरांनी तुमच्या पस्तीस वर्षांचा हिशेब आत्ताच मांडला. आम्ही फक्त या शाळेतल्या सात वर्षांबद्दल बोलणार आहोत, कारण तेवढंच आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही आलात त्या जूनमध्ये सरांनी विचारलं होतं, कोणता वर्ग घेता? तुम्ही म्हणालात, पहिली. पुढच्या प्रत्येक जूनमध्ये सरांनी तेच विचारलं आणि तुम्ही तेच सांगितलं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वर्गातून रडण्याचा आवाज यायचा. दुसऱ्या आठवड्यात चिंचोके मोजण्याचा आवाज यायचा. मधे काय व्हायचं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही खुर्ची बाहेर ठेवून खाली बसायचात, एवढं दिसायचं.

परवा आम्ही जुन्या हजेऱ्या काढल्या. तुमच्या पहिल्या वर्षी दिवाळीनंतर नऊ मुलं कारखान्याला गेली होती. गेल्या वर्षी दोन गेली. वसतिगृह झालं, गावानेही साथ दिली. पण दसऱ्यानंतर शाळा सुटल्यावर तांड्याकडे पायी जाणाऱ्या बाई आम्ही पाहिल्या आहेत. तुम्ही आईबापांना कधी बोल लावला नाही. तुम्ही आजीला शोधून काढायचात. ज्या आजीला फोन लावता येत नव्हता तिला तुम्ही दर आठवड्याला फोन केला. हे आम्हाला तुम्ही सांगितलं नाही. ताईंनी सांगितलं.

ऑनलाइन माहितीचं काम आलं तेव्हा तुम्ही आमच्यातल्या सगळ्यांत लहान मॅडमच्या शेजारी जाऊन बसलात आणि म्हणालात, मला शिकव, पण हळू शिकव. ती वही आमच्या खणात आहे. तिच्यावरून आणखी दोघं शिकले. वही आम्ही परत देणार नाही, हे आज सगळ्यांसमोर सांगून ठेवतो.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिलीचा वर्ग मी घेणार आहे. मी आजवर तिसरीच्या खाली कधी शिकवलेलं नाही. चिंचोक्यांची पिशवी तुम्ही मला द्यावी अशी विनंती आहे. आणि दसऱ्यानंतर आम्ही तांड्यावर जाणार आहोत. कोणत्या घरी कुणाशी बोलायचं हे तुम्हालाच माहीत आहे. त्या आठवड्यात आमचा फोन येईल. तो उचला.”

हा मजकूर साधारण सव्वादोनशे शब्दांचा आहे. मधे लोक हसतील, टाळ्या वाजतील, तेवढं धरून तीन मिनिटांत संपतो. त्यात एकही विशेषण बाईंना सरळ चिकटवलेलं नाही. “त्यामुळे” हा शब्दही नाही. वसतिगृहाचं आणि गावाचं श्रेय एका छोट्या वाक्यात दिलं आहे, तेवढ्याने बाकीचं बाईंना निःसंकोच ऐकता येतं. ताईंचं नाव न घेता त्यांना सभेत जागा मिळाली आहे. शाळेच्या समारंभात भांडी आवरत मागे उभ्या असलेल्या ताईंकडे त्या वाक्याला सगळ्यांच्या माना वळतील.

शेवट कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. “पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो ही ईश्वरचरणी प्रार्थना” हे वाक्य प्रत्येक निरोपात असतं आणि ते वाईट नाही; हवं तर चौकटीतल्या मानपत्रात घालावं. पण निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या मनात त्या दिवशी एक वेगळाच प्रश्न असतो, तो म्हणजे उद्या माझ्या वर्गाचं काय. सरांनी त्याचं उत्तर दिलं आहे: वर्ग कोण घेणार, तांड्यावर कोण जाणार, आणि बाईंकडून अजून काय हवं आहे. मागणं खरं असावं एवढी मात्र काळजी घ्यायला हवी. “तुमचं मार्गदर्शन सदैव लाभो” असं मोघम मागणं कुणी पुरवत नाही. पिशवी मागितली तर ती मिळते. फोन करणार असं सभेत वाचलं, तर ऑक्टोबरमध्ये तो करावा लागतो. म्हणून ते वाक्य लिहिण्याआधी सरांनी बाकीच्या चौघांना विचारून घेतलं आणि कोण कोणत्या दिवशी जाणार हेही ठरवून टाकलं.

एक काम समारंभानंतरचं राहतं. वाचून झाल्यावर तो कागद बहुधा वाचणाऱ्याच्या खिशात राहतो आणि धुण्यात जातो. त्याची स्वच्छ प्रत करून सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी बाईंना द्यावी, ताईंची सहीही घ्यावी. दुसरी प्रत शाळेच्या फाइलमध्ये लावावी. जनरल रजिस्टरात मुलांची नोंद कायम राहते, शिक्षकांबद्दल मात्र शाळेत नेमणुकीचे आणि बदलीचे आदेश सोडले तर फार थोडं उरतं. पुढे कधी या शाळेच्या पन्नाशीची स्मरणिका निघाली, तर पहिलीच्या वर्गात २०१८ ते २०२५ या काळात काय चालायचं हे सांगणारा एवढा एकच कागद संपादकाच्या हाती लागेल.